ग्लुकॅगॉन: औषध चालतं, पण ते पोहोचतं का?

संशोधनाची तयारी करताना आपण 'औषध परिणामकारक आहे' हे वाक्य सहज वाचून पुढे जातो. आज एक असं औषध घेऊ, ज्याच्या परिणामाबद्दल वाद नव्हता. अडचण होती ती बाटलीपासून मांडीपर्यंतच्या प्रवासात.

हे औषध म्हणजे ग्लुकॅगॉन. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर खूप खाली गेली की तो बेशुद्ध पडू शकतो. अशा वेळी तोंडात साखर किंवा मध घालायचा नसतो. गिळता येत नसल्यामुळे ते सरळ श्वासनलिकेत जाऊ शकतं. शिरेतून ग्लुकोज देणं घरच्यांना जमणारं नाही. मग उरतं ग्लुकॅगॉन, जे स्नायूत टोचता येतं.

ते नेमकं करतं काय?

ग्लुकॅगॉन स्वतः साखर नाही. ते यकृताला निरोप देतं, की तुझ्याकडे ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली साखर रक्तात सोड. म्हणजे ही घरातल्याच डब्यातून केलेली उसनवारी आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका वाक्यातून निघतात, म्हणून ते लक्षात ठेवा. डबा भरलेला असेल तरच औषध चालणार, आणि उसनं घेतलेलं परत भरावं लागणार.

एक उदाहरण

समजा, 19 वर्षांची मुलगी आहे, वजन 52 किलो, टाइप 1 मधुमेह. संध्याकाळी दोन तास बॅडमिंटन खेळली, रात्री कमी जेवली, इन्सुलिन मात्र नेहमीएवढंच घेतलं. पहाटे 3 वाजता आई हाक मारते तर उत्तर नाही. अंग घामाने ओलं, श्वास चालू. ग्लुकोमीटरवर आकडा 34.

आईने आधी तिला कुशीवर वळवायचं आणि दुसऱ्या कुणाला 108 ला फोन करायला सांगायचं. (श्वासच नसेल तर गोष्ट वेगळी. मग छाती दाबणं, म्हणजे सीपीआर, आधी.) घरात मीटर सापडत नसेल तर शोधत बसू नये. साखर जास्त असताना चुकून दिलेल्या एका डोसापेक्षा कमी साखरेत गेलेला वेळ जास्त महाग पडतो.

आता किट. जुन्या पद्धतीच्या किटमध्ये 1 मिलिग्रॅम पावडरची छोटी बाटली आणि द्रव भरलेली सिरिंज असते. सिरिंजमधला सगळा द्रव बाटलीत सोडायचा, सुई आतच ठेवून बाटली हलक्या हाताने फिरवायची, पावडर पूर्ण विरघळून द्रव स्वच्छ दिसला की सगळा परत ओढून घ्यायचा. सुई वर धरून हवा काढायची आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, सरळ टोचून पूर्ण डोस द्यायचा. या मुलीला पूर्ण 1 मिलिग्रॅम. लहान मुलांना बहुधा अर्धा डोस असतो. तो डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन किटवर चिकटवावा.

कुठे चुकतं?

2017 साली एक छान साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. मधुमेही व्यक्तींची काळजी घेणाऱ्या 16 जणांना आधी शिकवलं होतं, आणि मग पुतळ्यावर ग्लुकॅगॉन द्यायला सांगितलं. पावडर मिसळायच्या किटने पूर्ण डोस फक्त दोघांना देता आला. निम्म्या लोकांना इंजेक्शनच देता आलं नाही. काहींनी तर गोंधळात इन्सुलिन टोचलं! नाकात फवारायच्या, आधीच तयार असलेल्या ग्लुकॅगॉनने मात्र 16 पैकी 15 जणांनी पूर्ण डोस दिला. अमेरिकेत 2019 साली या नाकातल्या औषधाला मंजुरी मिळाली. त्यात डोस 3 मिलिग्रॅम असतो, कारण नाकातून शोषण कमी होतं.

नेहमीची चूक म्हणजे पावडर न मिसळता नुसता द्रव टोचणं. ती ओळखायला सोपी आहे. टोचून झाल्यावर बाटलीकडे बघा. पावडर तशीच दिसली तर औषध गेलेलंच नाही.

कुशीवरच का?

ग्लुकॅगॉनने मळमळ आणि उलटी होते, आणि बऱ्याचदा होते. माणूस उताणा आणि अर्धवट शुद्धीत असेल तर उलटी फुफ्फुसात जाऊ शकते. म्हणून इंजेक्शननंतरही कुशीवरच ठेवायचं. वरचा गुडघा वाकवून पुढे टेकवायचा म्हणजे अंग पालथं होत नाही. डोकं किंचित मागे, तोंड खालच्या दिशेला. आणि श्वासावर लक्ष.

शुद्ध आल्यावर

साधारण 10 ते 15 मिनिटांत हालचाल दिसायला हवी. आपल्या उदाहरणात 3:20 ला मुलगी डोळे उघडते, पण बोलणं अजून अडखळतंय. लगेच ताट पुढे करू नका. उठवून बसवा, घोटभर पाणी द्या. ठसका न लागता गिळलं तर चार चमचे साखर घातलेलं पाणी थोडं थोडं पाजा.

बरेच लोक इथे थांबतात. पण ग्लुकॅगॉनचा परिणाम तासा-दीड तासात ओसरतो, आणि रात्रीचं इन्सुलिन मागे काम करतच असतं. शिवाय डबा रिकामा झालाय. दुसऱ्यांदा साखर पडली तर यकृताकडे द्यायला फारसं काही नसतं. म्हणून नंतर सावकाश पचणारं, नेहमीच्या दुप्पट, म्हणजे साधारण 40 ग्रॅम कर्बोदक द्यायचं. दोन पोळ्या आणि कपभर दूध म्हणजे साधारण तेवढं होतं. दर 15 मिनिटांनी साखर तपासा, स्थिर झाली तरी सकाळपर्यंत अधूनमधून बघा. उलट्यांमुळे काहीच टिकत नसेल तर रुग्णालय. पुढचं इन्सुलिन मनाने बंद करू नका, डोस डॉक्टरांना विचारा.

15 मिनिटांत काहीच फरक नसेल तर डबाच रिकामा असण्याची शक्यता धरा. लांबलेला उपास, बरीच दारू, यकृताचा आजार, ही त्याची कारणं. तेव्हा शिरेतलं ग्लुकोजच लागतं. म्हणून 108 चा फोन सुरुवातीलाच. आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणारा माणूस शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यायचाच. त्या गोळ्या साखर पुन्हा पुन्हा खाली खेचतात.

आता संशोधकाच्या चष्म्यातून

पुतळ्याच्या प्रयोगाने 'औषध चालतं का' याऐवजी 'पूर्ण डोस आत गेला का' हे मोजलं, आणि म्हणूनच तो उपयोगी ठरला. पण मर्यादाही तिथेच आहे. पुतळा उलटी करत नाही, अर्धवट शुद्धीत पाणी मागत नाही, पहाटे साडेचारला पुन्हा घामाघूम होत नाही. डोसानंतरचा तो दीड तास या मोजमापाबाहेर राहिला. असा पेपर वाचताना मोजमाप कुठे थांबलं, तिथे पेन्सिलीने रेघ मारा आणि रेघेपलीकडे काय उरलं ते समासात लिहा.

आणि घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर मुदत संपलेलं किट तसंच फेकू नका. एका संत्र्यावर सगळ्यांनी मिसळून टोचायचा सराव करा, मग सुई नीट विल्हेवाटीला द्या. आपल्याकडे हे किट प्रत्येक दुकानात मिळतंच असं नाही, तेव्हा डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.