h ने भागायचे आणि h नेच गुणायचे

एखाद्या फलनाला एखाद्या बिंदूपाशी विकलज असेल, तर ते फलन तिथे सलग असतेच. बारावीच्या वर्गात याची सिद्धता चार ओळींत संपते. त्यातल्या एका ओळीत h ने भागतात आणि लगेच h नेच गुणतात. वरवर पाहता काहीच बदलत नाही, पण सगळी सिद्धता त्याच ओळीवर उभी आहे.

a पासून h इतके सरकले, की फलनाची किंमत f(a) वरून f(a+h) होते. h शून्याकडे जाताना हा बदलही शून्याकडे गेला, तर फलन a पाशी सलग. विकलजासाठी बदलाला h ने भागून मिळणारे गुणोत्तर पाहतात. h शून्याकडे जाताना ते एका ठरावीक संख्येकडे गेले, तर ती संख्या म्हणजे f′(a).

आता h शून्य नसताना,

f(a+h) − f(a) = [(f(a+h) − f(a)) / h] × h

उजवीकडच्या दोन्ही गुणकांच्या सीमा आपल्याला माहीत आहेत: पहिल्याची f′(a), दुसऱ्याची ०. दोन्ही सीमा अस्तित्वात असल्या, की गुणाकाराची सीमा म्हणजे सीमांचा गुणाकार. म्हणून बदलाची सीमा f′(a) × ०, म्हणजे ०. सिद्धता पूर्ण झाली.

x² हे फलन ३ पाशी पाहा. h = ०.१ घेतला तर गुणोत्तर ६.१ आणि बदल ०.६१. h = ०.०१ घेतला तर गुणोत्तर ६.०१ आणि बदल ०.०६०१. गुणोत्तर ६ च्या जवळ थांबते, म्हणून h लहान होताना बदललाही आपल्याबरोबर खाली ओढतो.

गुणोत्तर कुठे थांबलेच नाही तर? धन संख्यांना १, ऋण संख्यांना −१ आणि शून्याला ० देणारे फलन घ्या. शून्यापाशी h = ०.०१ असताना बदल १, गुणोत्तर १००. h = −०.०१ असताना बदल −१, गुणोत्तर पुन्हा १००. h आणखी लहान केला की गुणोत्तर बेसुमार वाढते. काही विद्यार्थी इथे ‘विकलज अनंत’ असे लिहून तीच सिद्धता पुढे चालवतात. पण अनंत गुणिले शून्य याला ठरलेली किंमत नाही. इथे तर तो गुणाकार उजवीकडे १ वर आणि डावीकडे −१ वर अडून बसतो, आणि फलन शून्यापाशी तुटलेलेच राहते. f′(a) ही सांत संख्या असण्याची अट म्हणूनच सोडता येत नाही.

हीच सिद्धता उलट दिशेने चालत नाही. बदल शून्याकडे गेला, एवढ्यावरून गुणोत्तराबद्दल काहीच ठरत नाही. |x| शून्यापाशी सलग आहे, पण गुणोत्तर उजवीकडून १ आणि डावीकडून −१. कार्ल वायरस्ट्रास यांनी तर १८७२ मध्ये बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे असे फलन मांडले, जे सर्वत्र सलग आहे, पण ज्याला एकाही बिंदूपाशी विकलज नाही.