शिडी, रंगारी आणि तीन समीकरणं

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या स्टॅटिक्सच्या असाइनमेंटमध्ये भिंतीला टेकलेली शिडी हमखास भेटते. प्रश्न साधारण असा असतो: ५ मीटर लांबीची, १५० न्यूटन वजनाची शिडी गुळगुळीत भिंतीला टेकून उभी आहे. तिचा पायथा भिंतीपासून ३ मीटरवर आहे. ७०० न्यूटन वजनाचा रंगारी शिडीवरून ४ मीटर वर चढला आहे. जमीन आणि शिडी यांच्यातला घर्षणांक ०.४ आहे. शिडी टिकेल का?

न्यूटन हे बलाचं एकक. एक किलो साखरेच्या पुड्याचं वजन जवळपास दहा न्यूटन भरतं, म्हणजे आपला रंगारी सत्तर किलोचा, चारचौघांसारखा माणूस आहे. शिडीची मापंही मुद्दाम सोयीची दिली आहेत. लांबी ५, पायथा ३ मीटर बाहेर, म्हणून वरचं टोक जमिनीपासून ४ मीटर उंचीवर. पायथागोरसने एवढं काम वाचवलेलं आहे.

इथे बरीच मुलं थेट सूत्राकडे धावतात. घर्षणांक दिलाय, वजन दिलंय, गुणाकार केला, ३४० आले, खाली दोन रेघा मारल्या. आकृती सबमिशनच्या आदल्या रात्री शेजारच्याच्या वहीतून उतरवायची. खरं तर या गणितातला सगळा विचार आकृतीतच होतो. समीकरणं म्हणजे आकृतीत जे काढलं ते अक्षरांत वाचून दाखवणं.

तेव्हा आधी फ्री बॉडी डायग्राम. पहिला निर्णय असा की आपण कोणाचा हिशेब मांडतोय? शिडीचा. मग कागदावर फक्त शिडी काढायची, एक तिरकी रेघ. भिंत काढायची नाही, जमीन काढायची नाही, रंगारीही काढायचा नाही. यांतली प्रत्येक गोष्ट शिडीला जे काही करते, तेवढं बाणाच्या रूपाने उरतं. भिंत पुसली की जिथे ती शिडीला शिवत होती तिथे एक बाण येतो, जमीन पुसली की तिच्या जागी बाण येतात. भिंत आकृतीत ठेवली की हात तिच्यावरचे बाणही काढू लागतो. शिडी भिंतीला ढकलते तो बाण आणि भिंत शिडीला ढकलते तो बाण असे दोन्ही एकाच कागदावर आले की ते एकमेकांना खाऊन टाकतात, आणि हिशेब तिथेच बिघडतो.

आता बाण मोजू. शिडीचं स्वतःचं वजन १५० न्यूटन, मधोमध, सरळ खाली. रंगाऱ्याचं ७०० न्यूटन, तो उभा आहे त्या पायरीवर, सरळ खाली. काही जण रंगाऱ्याचं वजनही दाखवतात आणि वर त्याच्या पायांचा दाबही. एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.

जमीन शिडीला वर ढकलते, त्याला N म्हणू. पायथा भिंतीपासून लांब घसरू पाहतो, म्हणून घर्षण त्याला भिंतीच्या दिशेने अडवून धरतं, त्याला F म्हणू. वरच्या टोकाला भिंतीचा रेटा, R. भिंत गुळगुळीत आहे असं सांगितलंय, म्हणजे तिथे घर्षण नाही. मग हा रेटा भिंतीला काटकोनात, आडवा, भिंतीपासून दूर जाणारा.

या शेवटच्या बाणावर जरा थांबायला हवं, कारण वह्या तपासताना लाल शाई सर्वांत जास्त इथेच लागते. अनेक जण R हा शिडीला काटकोनात काढतात. शिडीचं टोक सपाट भिंतीला टेकलं असेल तर रेटा भिंतीला काटकोनात असतो. पण तीच शिडी गच्चीच्या कठड्याच्या काठावर टेकली असेल आणि तिचं टोक कठड्याच्या वर निघालं असेल, तर रेटा शिडीला काटकोनात. नियम असा की ज्या दोन गोष्टी भिडतात त्यांतली सपाट बाजू कोणाची, ते बघायचं आणि तिच्याशी काटकोन करायचा. टोक आणि भिंत भिडत असतील तर सपाट बाजू भिंतीची. काठ आणि शिडी भिडत असतील तर ती शिडीची.

आकृती झाली. पाच बाण आले, त्यांतले दोन माहीत, तीन अज्ञात: N, F आणि R. सपाट कागदावरच्या समतोलाला समीकरणंही तीनच मिळतात: आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्या बलांची बेरीज शून्य, आणि कोणत्याही एका बिंदूभोवती मोमेंटची बेरीज शून्य. भिंत आपल्या उजवीकडे आहे, उजवी आणि वरची दिशा धन, असं एकदा ठरवून कागदावर लिहून ठेवायचं.

आडवी: F − R = ०

उभी: N − १५० − ७०० = ०

दुसऱ्या समीकरणातून N लगेच ८५० न्यूटन मिळतो. पहिल्यातून फक्त इतकं कळतं की F आणि R सारखे आहेत. किती, ते तिसरं सांगणार.

मोमेंट कोणत्या बिंदूभोवती घ्यायचे हे आपल्या हातात असतं, आणि इथेच थोडी हुशारी चालते. पायथ्याभोवती घेतले तर N आणि F दोन्ही त्या बिंदूतूनच जातात, त्यांचा मोमेंट शून्य होतो आणि समीकरणात एकटा R उरतो. मोमेंट म्हणजे बल गुणिले बिंदूपासून बलाच्या रेषेपर्यंतचं काटकोनी अंतर. वजनं सरळ खाली ओढतात, म्हणून त्यांच्यासाठी आडवं अंतर हवं. शिडीचा मध्य पायथ्यापासून आडवा १.५ मीटरवर. रंगारी शिडीवर ४ मीटर चढला असला तरी आडवा ४ गुणिले ३/५, म्हणजे २.४ मीटरच सरकलाय. इथे सरळ ४ लिहिणारेही पुष्कळ असतात. R आडवा आहे, त्याच्यासाठी उभं अंतर, ४ मीटर.

मोमेंट: R × ४ − १५० × १.५ − ७०० × २.४ = ०

म्हणजे ४R = २२५ + १६८० = १९०५, आणि R = ४७६.२५ न्यूटन. F सुद्धा तेवढाच.

उत्तर लिहिण्याआधी पडताळा. मोमेंट आता वरच्या टोकाभोवती घेऊन बघू. N एका बाजूला फिरवतो: ८५० × ३ = २५५०. F उलट्या बाजूला: ४७६.२५ × ४ = १९०५. शिडीचं वजन: १५० × १.५ = २२५. रंगारी भिंतीपासून आडवा ०.६ मीटरवर आहे: ७०० × ०.६ = ४२०. हे तिन्ही मिळून २५५०. जुळलं. या पडताळ्यात नवीन माहिती काही नाही, पण एखादं अंतर चुकलं असतं तर बहुधा ते इथेच उघडं पडलं असतं.

चिन्हाबद्दल एक गोष्ट. F चा बाण चुकून उलटा काढला असता तर उत्तर −४७६.२५ आलं असतं. आकृती खोडायची गरज नाही, दिशा उलटी इतकाच त्याचा अर्थ. पण N किंवा R ऋण आला तर मात्र खडबडून जागं व्हायचं. भिंत शिडीला ढकलू शकते, ओढू शकत नाही. असा रेटा ऋण आला तर एक तर अंतरांत किंवा चिन्हांत गोंधळ आहे, किंवा प्रत्यक्षात तिथला स्पर्शच सुटलेला आहे.

आता घर्षणांकाकडे वळू. तो अजून एकदाही वापरला नाही, आणि ते मुद्दामच. ०.४ ला ८५० ने गुणलं की ३४० येतात, पण हे प्रत्यक्षातलं घर्षण नाही. जमीन जास्तीत जास्त किती घर्षण देऊ शकते त्याची ती मर्यादा आहे. घर्षण गरजेपुरतंच असतं आणि मर्यादेपर्यंतच वाढतं. रंगारी शिडीवर नसताना ४R = २२५, म्हणजे घर्षण जेमतेम ५६ न्यूटन. सुरुवातीलाच F = ३४० लिहून मोकळा झालेला मुलगा मोमेंटचं समीकरण लिहील तेव्हा एका बाजूला १३६० आणि दुसऱ्या बाजूला १९०५ येतील. बहुतेक जण ते लिहीतच नाहीत, म्हणून बोभाटा होत नाही.

आपल्या शिडीला हवेत ४७६, जमिनीकडे आहेत ३४०. शिडी घसरणार. खरं तर रंगारी ४ मीटरपर्यंत पोचलाच नसता. कुठे घसरली असती? R च्या जागी ३४० घालायचे आणि रंगाऱ्याचं आडवं अंतर x अज्ञात धरायचं: १३६० = २२५ + ७००x. x येतो १.६२ मीटर, म्हणजे शिडीवरून मोजलं तर २.७ मीटर. खालच्या पायऱ्यांवर शिडी भक्कम वाटते, अर्ध्याच्या थोडं पुढे गेलं की पाय काढते. मोमेंटच्या समीकरणात रंगाऱ्याचं आडवं अंतर पायरीगणिक वाढतं, N मात्र ८५० वरच थांबलेला असतो.

बांधकामावर एक रूढ ठोकताळा आहे: शिडी जेवढी उंच टेकते त्याच्या चौथ्या हिश्शाइतका पायथा बाहेर ठेवायचा. आपल्या शिडीचा पायथा ३ ऐवजी १.२ मीटरच्या आसपास आणला तर हे प्रमाण साधतं. आकृती तीच, समीकरणं तीच, फक्त अंतरं बदलतात. रंगारी पुन्हा ४ मीटर चढलेला धरला तर F येतो साधारण १५९ न्यूटन, ३४० च्या निम्म्याहूनही कमी.

राहिला तो ‘गुळगुळीत भिंत’ हा शब्दप्रयोग. घराच्या भिंती काही गुळगुळीत नसतात. भिंत खरबरीत धरली तर वरच्या टोकाला एक उभं घर्षणही येतं, अज्ञात चार होतात आणि समीकरणं तीनच राहतात. मग मुलं आणखी एका बिंदूभोवती मोमेंट घेऊन चौथं समीकरण तयार करतात आणि पानभर आकडेमोडीनंतर ० = ० वर येऊन बसतात. ते होणारच, कारण चौथं समीकरण पहिल्या तिघांतूनच निघतं, जसा आपला पडताळा निघाला. शिडी दोन्ही टोकांना घसरण्याच्या ऐन बेतात आहे असं प्रश्नात म्हटलेलं असेल तरच दोन्हीकडे घर्षण μN आणि μR लिहिता येतं आणि गणित सुटतं. तसं म्हटलेलं नसेल तर शिडी किती वाकते, टोकं किती दबतात, हे कळल्याशिवाय नुसत्या स्टॅटिक्सने उत्तर येत नाही. आपल्या शिडीपुरतं बोलायचं तर भिंतीचं घर्षण तिला वर उचलून मदतच करतं, त्यामुळे ते सोडून दिल्याने उत्तर सावध बाजूला झुकतं.