दोन शेअर, एक धक्का

एका बँकेचा शेअर आणि एका गृहकर्ज कंपनीचा शेअर अशा दोघांत निम्मे निम्मे पैसे आहेत असे समजा. पुढे काय काय होऊ शकते हे पाहण्यासाठी संगणकावर हजारो काल्पनिक महिने रचायचे आहेत. पहिल्याच्या मासिक परताव्याचे प्रमाण विचलन ५ टक्के, दुसऱ्याचे ४. दोघांसाठी वेगवेगळे फासे टाकले, तर एक पडला की दुसरा बरेचदा सावरून घेतो आणि एकूण चढउतार ३.२ टक्के दिसतो. पण व्याजदर वाढले की हे दोघे बहुधा बरोबरच आपटतात. त्यांचा सहसंबंध ०.६ धरला तर खरा आकडा ४ टक्क्यांच्या किंचित वर जातो.

ही सोबत फाशांत आणायची कशी? सहप्रसरण ५ × ४ × ०.६, म्हणजे १२. प्रसरणे २५ आणि १६. या मॅट्रिक्सचे जणू वर्गमूळ काढायचे, तेही असे की वरचा उजवा कोपरा शून्य राहील. २५ चे मूळ ५. १२ भागिले ५ म्हणजे २.४. मग १६ मधून २.४ चा वर्ग ५.७६ वजा केला की उरतात १०.२४, त्याचे मूळ ३.२.

आता सरासरी शून्य आणि विचलन एक असलेल्या दोन स्वतंत्र यादृच्छिक संख्या घ्या. पहिल्या शेअरला पहिलीची ५ पट. दुसऱ्याला पहिलीची २.४ पट अधिक दुसरीची ३.२ पट. संख्या १ आणि उणे ०.५ निघाल्या, तर पहिला ५ टक्के वर आणि दुसरा २.४ वजा १.६, म्हणजे ०.८ टक्के वर. सरासरी परतावा यात नंतर मिळवायचा. दुसऱ्याच्या वाट्याला आलेले ते २.४ म्हणजे पहिल्याला बसलेल्या धक्क्याचाच हिस्सा.

ही रीत आंद्रे-लुई शोलेस्की या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याची, आणि तीही जमीनमोजणीसाठी शोधलेली. १९१८ मध्ये तो युद्धात मारला गेला. रीत छापून आली १९२४ मध्ये.

शेअर तीन झाले की रीत अडू शकते. पहिल्याचा इतर दोघांशी सहसंबंध ०.९ असेल, तर त्या दोघांचा आपसातला ०.६२ पेक्षा कमी असूच शकत नाही. तिथे ०.२ भरला की वर्गमुळाखाली ऋण संख्या येते आणि प्रोग्राम थांबतो. असे आकडे बहुधा प्रत्येक जोडीसाठी वेगळ्या कालखंडातली माहिती वापरल्याने येतात. म्हणून मुळाशी खटपट करण्याआधी तारखा जुळवाव्यात.

दुसरी चूक मात्र प्रोग्राम न थांबवता होते. पायथनमधले `np.linalg.cholesky` खालचा त्रिकोण देते, तर आर भाषेतले `chol` वरचा. त्रिकोण उलटा वापरला, तर आपल्या शेअरांची विचलने ५ आणि ४ ऐवजी ५.५ आणि ३.२ येतात. म्हणून रचलेल्या महिन्यांची विचलने आणि सहसंबंध पुन्हा मोजून मूळ आकड्यांशी ताडून पाहायचे.