चार जणांच्या टीमला कुबरनेटिस हवंच का?

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका छोट्या टीमबरोबर बसलो होतो. टीम चार जणांची. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट सांभाळणारं अ‍ॅप त्यांनी बांधलं आहे आणि सुमारे 200 दवाखाने ते वापरतात. अ‍ॅप डॉकरच्या कंटेनरमध्ये चालतं. म्हणजे कोड आणि त्याला लागणारी सगळी सामग्री एका पेटीत बंद केलेली. ही पेटी कुठल्याही सर्व्हरवर उघडली तरी तशीच चालते. एक पेटी वेब एपीआयची, दुसरी एसएमएस पाठवणाऱ्या वर्करची. डेटाबेस पोस्टग्रेस, तो क्लाउड कंपनीकडून वेगळा भाड्याने घेतलेला. त्यांचा प्रश्न एकच होता: "आता कुबरनेटिसवर जायचं का?"

कुबरनेटिस गूगलने 2014 मध्ये जाहीर केलं. गूगलच्या स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये असंख्य यंत्रांवर काम वाटून देणाऱ्या 'बोर्ग' या प्रणालीचा अनुभव त्यामागे होता. त्याचं मूळ काम या जन्मकथेतूनच कळतं: यंत्रं अनेक, पेट्या अनेक, आणि कोणती पेटी कोणत्या यंत्रावर चालवायची हे माणसाने ठरवणं अशक्य, अशा ठिकाणी ते ठरवणं. एक यंत्र बंद पडलं तर त्यावरच्या पेट्या ते दुसरीकडे उभ्या करतं. म्हणून पहिला हिशेब वापरकर्त्यांचा नव्हे, यंत्रांचा करायचा. आपलं काम किती यंत्रांत मावतं?

हा हिशेब आम्ही कागदावर केला. एका दवाखान्यात दिवसाला 60 अपॉइंटमेंट धरल्या तर 200 दवाखान्यांच्या 12,000 होतात. नोंदणी, बदल, आठवण, यादी पाहणं असं सगळं धरून एका अपॉइंटमेंटमागे सर्व्हरकडे 15 विनंत्या जातात. म्हणजे दिवसाला 1,80,000. आकडा मोठा वाटतो. त्यातल्या 70 टक्के गर्दीच्या चार तासांत येतात असं मानलं, तरी सेकंदाला साधारण 9 विनंत्या होतात. सोमवार सकाळची झुंबड म्हणून तिप्पट धरू: 27. एका विनंतीला सीपीयूचे 50 मिलिसेकंद लागत असतील तर 1.35 कोर पुरतात. चार कोर आणि 8 जीबी मेमरीच्या एका साध्या यंत्रात हे आरामात मावतं. वाटून द्यायलाच काही नाही, तर वाटणारा कशाला?

शिवाय वाटणाऱ्यालाही सांभाळावं लागतं. अ‍ॅमेझॉनच्या ईकेएस सेवेत कुबरनेटिसच्या नुसत्या नियंत्रण भागाचं भाडं तासाला 0.10 डॉलर, म्हणजे महिन्याला सुमारे 73 डॉलर. यंत्रं आणि लोड बॅलन्सर यांचे पैसे त्यावर वेगळे. पण खरा खर्च वेळेचा आहे. कुबरनेटिसच्या वर्षाला तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला सुमारे 14 महिनेच दुरुस्त्या मिळतात. त्यामुळे अपग्रेड टाळता येत नाही, आणि अपग्रेडमध्ये जुन्या गोष्टी निघूनही जातात. 2021 च्या 1.22 आवृत्तीत `networking.k8s.io/v1beta1` हा इन्ग्रेसचा जुना प्रकार काढला गेला. ज्यांच्या फायली त्यावर लिहिलेल्या होत्या त्यांना त्या बदलाव्या लागल्या. मोठ्या कंपनीत यासाठी वेगळी माणसं असतात. चार जणांत हे काम ज्याच्या वाट्याला येतं, त्याचं अ‍ॅपचं काम तेवढं मागे पडतं.

मग एकच यंत्र आणि डॉकर कंपोझ पुरे का? अनेकदा पुरतं, पण त्याच्या दोन उणिवा माहीत हव्यात. पहिली लॉगची. डॉकर मुळात लॉग `json-file` या पद्धतीने साठवतो आणि त्यावर मर्यादा घालत नाही. फाईल वाढत राहते, काही महिन्यांनी डिस्क भरते आणि अ‍ॅप विचित्र चुका देऊ लागतं. `df -h` मध्ये 100 टक्के दिसलं की समजावं. कंपोझच्या फायलीत प्रत्येक सेवेखाली एवढं लिहिलं की हा धोका टळतो:

```yaml
restart: unless-stopped
logging:
  driver: json-file
  options:
    max-size: "10m"
    max-file: "3"
```

दुसरी उणीव अधिक फसवी आहे. `restart` ची ओळ पेटीतली प्रक्रिया बंद पडली तरच ती पुन्हा सुरू करते. प्रक्रिया जिवंत आहे पण अडकली आहे, उत्तरच देत नाही, अशा वेळी साधा डॉकर काही करत नाही. हेल्थचेक लावला असेल तर `docker ps` मध्ये `unhealthy` असा शेरा दिसतो, इतकंच. कुबरनेटिसमध्ये लाइव्हनेस प्रोब लावला असेल तर ते अशी पेटी स्वतः मारून नवी सुरू करतं. कंपोझवर असाल तर बाहेरून दर मिनिटाला तपासून फोनवर इशारा देणारी सेवा लावायलाच हवी. नवी आवृत्ती चढवतानाही जुनी पेटी बंद होऊन नवी सुरू होईपर्यंत काही सेकंदांचा खंड पडतो. दवाखान्यांच्या अ‍ॅपला तो रात्री दहानंतर चालतो. पैशांच्या व्यवहाराच्या अ‍ॅपला चालेलच असं नाही.

हा खंड नको, यंत्रही सांभाळायला नको, तर मधला रस्ता आहे: गूगलचं क्लाउड रन किंवा अ‍ॅमेझॉनचं ईसीएस फार्गेट. पेटी त्यांच्या हवाली करायची, यंत्रं त्यांची. पण इथेही अटी वाचाव्यात. क्लाउड रनच्या नेहमीच्या मांडणीत विनंती चालू असेपर्यंतच पेटीला पूर्ण सीपीयू मिळतो. त्यामुळे या टीमचा एसएमएस पाठवणारा वर्कर तिथे तसाच ठेवला असता तर तो मध्येच थबकला असता. त्यासाठी सीपीयू कायम देणारी मांडणी निवडावी लागते.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. गर्दी वाढली की पेट्या आपोआप वाढतात हे खरं, पण डेटाबेस वाढत नाही. पोस्टग्रेस मुळात 100 जोडण्या घेतो. प्रत्येक पेटी 10 जोडण्या उघडत असेल तर दहा पेट्यांतच ही मर्यादा संपते आणि नव्या जोडण्या नाकारल्या जातात. कुबरनेटिस असो वा क्लाउड रन, हा अडथळा तोच राहतो. म्हणून आधी पेट्यांच्या संख्येला मर्यादा घालावी आणि डेटाबेसच्या जोडण्या मोजाव्यात.

कुबरनेटिस खरंच लागतं अशी ठिकाणं आहेतच. पाच-सहा टीम वीस-तीस सेवा रोज स्वतंत्रपणे चढवतात, काम बऱ्याच यंत्रांवर पसरलेलं आहे, किंवा मोठा ग्राहक म्हणतो, तुमचं अ‍ॅप आमच्याच कुबरनेटिसवर बसवा. अशा वेळी ते शिकण्याची मेहनत वसूल होते. पेटी तीच असल्यामुळे आज साधा मार्ग धरला तरी उद्याची वाट बंद होत नाही.

या टीमने शेवटी एक यंत्र, कंपोझ आणि वेगळा डेटाबेस हेच ठेवलं. पण त्याआधी एक शनिवार त्यांनी रंगीत तालमीला दिला: यंत्र गेलं असं मानून कोऱ्या यंत्रावर सगळं पुन्हा उभं केलं. पहिल्यांदा दोन तास लागले, पायऱ्या लिहून काढल्यावर तिसऱ्यांदा 25 मिनिटं. आपलं अ‍ॅप 25 मिनिटं बंद राहिलं तर ग्राहकाचं काय बिघडेल, हा प्रश्न तुमच्या टीमने आधी ग्राहकालाच विचारावा. "फार बिघडत नाही" असं उत्तर आलं, तर कुबरनेटिस सध्या बाजूला ठेवा आणि तो शनिवार तालमीला द्या.