दहा मिनिटांची परवानगी

वसईतलं एखादं कॅथलिक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. वडील मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात व्हेंटिलेटरवर आहेत आणि डॉक्टरांनी ‘जवळच्या माणसांना बोलावून घ्या’ असं सांगितलंय. गावचे फादर यायला तयार आहेत, पण आयसीयूत भेटायला मिळतं ते संध्याकाळी थोडा वेळ, तेही एकाच नातेवाइकाला. मुलगा घाईघाईने प्रशासनाला लिहितो, ‘बाबांसाठी शेवटची प्रार्थना करायची आहे, परवानगी द्यावी.’ नकार बहुधा या वाक्यानेच ओढवतो.

कारण ‘प्रार्थना’ म्हटलं की वैद्यकीय अधीक्षकांना दहा-बारा माणसं, मेणबत्त्या, गायन आणि शेजारच्या खाटेवरचा त्रासलेला रुग्ण दिसू लागतो. त्यांचा विरोध धर्माला असतोच असं नाही. खाटेजवळ नेमकं काय होणार, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. खरं तर होतं फार थोडं. धर्मगुरू रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवतात, कपाळाला आणि तळहातांना पवित्र तेलाचं बोट लावतात, प्रार्थना म्हणतात. तेल बहुतेक ऑलिव्हचं, छोट्या डबीतलं. पाच ते दहा मिनिटांत सगळं उरकतं. तेवढंच लिहावं:

‘माननीय वैद्यकीय अधीक्षक, माझे वडील आयसीयूत बेड क्रमांक 7 वर आहेत. आम्ही कॅथलिक आहोत. आज संध्याकाळी 5 वाजता, किंवा आपण सांगाल त्या वेळी, आमच्या धर्मगुरूंना दहा मिनिटं आत येऊ द्यावं, ही विनंती. ते कपाळावर व हातांवर तेलाचं बोट लावून हळू आवाजात प्रार्थना करतील. सोबत फक्त मी असेन. मेणबत्ती, उदबत्ती, पाणी काही नसेल. रुग्णाच्या तोंडात काही दिलं जाणार नाही. हात धुणं, गाऊन, मास्क याबाबत सिस्टर सांगतील तसं करू. प्रकृती पाहता उद्यापर्यंत थांबणं अवघड आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. परवानगी आयसीयूच्या सिस्टरना आणि दारावरच्या सुरक्षारक्षकांनाही कळवावी.’

खाली रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, आपलं नातं, फोन, आणि फादरांचं नाव व चर्च. बस्स. आजाराचा इतिहास, बिलाची तक्रार, रुग्णालयाची स्तुती, यातलं काहीही नको.

‘तोंडात काही दिलं जाणार नाही’ हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. कॅथलिक परंपरेत मरणासन्न माणसाला शेवटचं कम्युनियनही देतात. पण घशात नळी असताना किंवा गिळता येत नसताना ते देता येत नाही. कण श्वासनलिकेत गेला तर जीव गुदमरतो. गंगाजल आणि तुळशीपत्राचंही तेच. हिंदू कुटुंबाने सिस्टरना विचारून ओला बोळा ओठांना लावण्यापुरतीच परवानगी मागावी. रुग्ण शुद्धीत असेल, गिळू शकत असेल, तर कम्युनियनचा उल्लेख वेगळा करावा आणि निर्णय डॉक्टरांवर सोडावा. मेणबत्तीवर तर वाद घालूच नये. जिथे ऑक्सिजन चालू आहे तिथे ज्योत धोक्याची.

कपाळाला बँडेज असेल किंवा संसर्गामुळे स्पर्शाला मनाई असेल तरी विनंती सोडून देऊ नका. चर्चचे नियम इथे पुष्कळ लवचीक आहेत. गरज पडल्यास शरीराच्या एकाच भागाला तेल लावलं तरी चालतं. गंभीर कारण असेल तर बोटाऐवजी एखादं साधनही वापरता येतं, म्हणजे कापसाची काडीसुद्धा. हे अधीक्षकांना माहीत असायचं कारण नाही, ते आपण सांगायचं. मात्र हा संस्कार धर्मगुरूच करू शकतात, ही अट लवचीक नाही. ‘घरच्यांनीच लावा ना तेल’ या सूचनेला म्हणूनच नम्रपणे नाही म्हणावं लागतं.

परवानगी मिळूनही दारात अडवलं जातं, ते शिफ्ट बदलल्यामुळे. सकाळी तोंडी ‘या’ म्हणणारे डॉक्टर संध्याकाळी घरी गेलेले असतात. उत्तर लेखी किंवा मोबाइलवर घ्यावं आणि निघण्याआधी आयसीयूत फोन करावा. रात्रीची वेळ असेल तर अधीक्षकांच्या ईमेलची वाट पाहू नये. ड्यूटीवरच्या डॉक्टरांशी आणि इन्चार्ज सिस्टरशी बोलावं. रुग्णालयाला एनएबीएचची मान्यता असेल तर त्या मानकांत रुग्णाच्या श्रद्धा आणि आध्यात्मिक गरजांचा आदर समाविष्ट आहे. नकार आलाच तर ते शांतपणे दाखवून द्यावं. सुरुवातीलाच नियम पुढे केला की समोरचाही नियमच पुढे करतो.

सगळ्यात मोठी चूक उशिराची. ‘फादर दिसले की बाबा घाबरतील’ म्हणून घरचे थांबतात. पण हा संस्कार गंभीर आजारातही घेता येतो आणि प्रकृती आणखी ढासळली तर पुन्हाही. मृत्यू झाल्यावर मात्र तो करत नाहीत. मग उरते ती मृतासाठीची प्रार्थना. तेव्हा आयसीयूत हलवलं त्याच दिवशी संदेश पाठवा. आणि रुग्ण शुद्धीत असेल तर आधी त्यालाच विचारा. तो नको म्हणाला तर पाठवू नका.