आयगेनमूल्याला मराठीत काय म्हणायचे?

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेला एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे गणिताच्या शंका घेऊन आला. त्याच्याकडे मराठीत टाइप केलेल्या नोट्स होत्या. पहिल्या पानावर लिहिले होते, ‘लाक्षणिक मूल्ये काढा.’ तिसऱ्या पानावर ‘अभिलक्षण मुळे’ आली आणि शेवटच्या नमुना प्रश्नात ‘आयगेन व्हॅल्यू’. मुलाने वहीत तिन्हींसाठी वेगवेगळी पाने सोडली होती. ‘‘सर, लाक्षणिक मूल्यं मला जमतात, पण आयगेन व्हॅल्यूचा धडा यात कुठंच नाहीये,’’ तो म्हणाला. तिन्ही नावे एकाच गोष्टीची होती. त्याला ती गोष्ट उत्तम येत होती, अडत होते ते फक्त नावापाशी.

तेव्हापासून मी या शब्दांचा पाठपुरावा करतो आहे. नावांकडे वळण्याआधी ती गोष्ट काय आहे ते पाहू, कारण वस्तू डोळ्यांसमोर असली की नाव पारखणे सोपे जाते.

पोळीसाठी घेतलेल्या कणकेच्या गोळ्यावर काडीने काही बाण काढले आहेत अशी कल्पना करा. आता लाटणे एकाच तिरप्या दिशेने, डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून उजवीकडच्या वरच्या कोपऱ्याकडे, जोर देऊन फिरवा. कणीक त्या दिशेने चौपट ताणली गेली आणि तिला काटकोनात असलेल्या दिशेने दुप्पट, असे धरू. बहुतेक बाण नुसते लांब होणार नाहीत, ते वळतीलही. सरळ उजवीकडे काढलेला बाण थोडा वर झुकेल. मात्र लाटण्याच्या दिशेतला बाण आणि त्याला आडवा असलेला बाण आपापल्या रेषेवरच राहतील, फक्त वाढतील. या न वळणाऱ्या दिशा म्हणजे आयगेनसदिश, आणि त्या दिशेने बाण जितक्या पटीने वाढला ती संख्या म्हणजे आयगेनमूल्य. आपल्या पोळीची आयगेनमूल्ये ४ आणि २ आहेत.

गणितात हे लाटणे एका मॅट्रिक्सने, म्हणजे ओळी आणि स्तंभांत मांडलेल्या संख्यांच्या चौकोनाने लिहितात. या उदाहरणात तिची पहिली ओळ 3, 1 आणि दुसरी ओळ 1, 3 अशी येते. तिला A म्हणू. उजवीकडचा बाण (1, 0) तिच्यातून गेला की (3, 1) होतो, म्हणजे वळतो. (1, 1) चा (4, 4) होतो आणि (1, −1) चा (2, −2). हे दोन वळले नाहीत.

इथे आपल्याला उत्तर आधीच ठाऊक होते. समोर नुसती मॅट्रिक्स असेल तर ते शोधायचे कसे? अज्ञात पटीला λ म्हणू. सदिश v वळत नाही याचा अर्थ Av = λv. उजवी बाजू डावीकडे आणली की (A − λI)v = 0 मिळते. यातली I ही एकक मॅट्रिक्स, तिच्या कर्णावर 1 आणि बाकी 0. एखादा शून्येतर सदिश ज्या मॅट्रिक्समधून जाताना पार शून्य होऊन जातो, तिचा निश्चयक शून्य असावाच लागतो. म्हणून (3 − λ)(3 − λ) − 1 = 0, म्हणजेच λ² − 6λ + 8 = 0. हे दहावीत सोडवतो तसलेच वर्गसमीकरण आहे. त्याची मुळे 4 आणि 2. ज्या समीकरणाने मॅट्रिक्सचा हा स्वभाव उघड होतो, त्याला इंग्रजीत कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन म्हणतात.

म्हणजे गोष्टी तीन आहेत: समीकरण, त्याच्या मुळांतून मिळणारी पट आणि त्या पटीची दिशा. नावे मात्र दोन वेगळ्या घराण्यांतून आली आहेत. आपल्या गोंधळाचे मूळ इथे आहे.

‘कॅरॅक्टरिस्टिक’ हे घराणे फ्रेंच. गणितज्ञ कोशी याने एकोणिसाव्या शतकात या समीकरणाला आपल्या भाषेत हे नाव दिले. ‘आयगेन’ हा जर्मन शब्द, अर्थ ‘स्वतःचा’. हिल्बर्टने तो १९०४ मध्ये या मूल्यांसाठी वापरला आणि तो रुजला. मधल्या काळात, १८८३ साली, इंग्रज गणितज्ञ सिल्व्हेस्टरने ‘सुप्त मुळे’ अशा अर्थाचे नाव सुचवले होते. पाण्यात वाफ आणि तंबाखूच्या पानात धूर जसा दडलेला असतो, तशी ही मुळे मॅट्रिक्समध्ये दडलेली असतात, अशी त्याची उपमा होती. उपमा सुंदर, पण ते नाव मागे पडले.

नाव ठरवणाऱ्या प्रत्येकाने पॉल हाल्मोस यांची गोष्ट ध्यानात ठेवावी. हे अमेरिकेतले नामांकित गणित-लेखक. अर्धे जर्मन आणि अर्धे इंग्रजी असलेले ‘आयगेनव्हॅल्यू’ हे नाव त्यांना खटके. त्यांनी आपल्या पुस्तकांत वर्षानुवर्षे शुद्ध इंग्रजी ‘प्रॉपर व्हॅल्यू’ चालवले. अखेर १९६७ च्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी मोकळेपणाने मान्य केले की लढाई संपली आहे आणि आयगेनव्हॅल्यू जिंकली आहे. नाव बाहेरचे असूनही टिकले, कारण सगळे एकच नाव वापरत होते.

आता मराठीतले पर्याय पाहू. ‘लाक्षणिक मूल्य’ पहिल्याने बाद करावे असे मला वाटते. मराठी माणूस ‘लाक्षणिक’ हा शब्द रोज ऐकतो तो लाक्षणिक उपोषणात आणि लाक्षणिक संपात. तिथे त्याचा अर्थ ‘केवळ खूण म्हणून, नावापुरता’. लाक्षणिक मूल्य म्हटल्यावर नावापुरती किंमत असेच कानाला जाणवते. ‘वैशिष्ट्यपूर्ण समीकरण’ही असेच फसते. त्यातून एखादे विशेष, नजरेत भरणारे समीकरण असा अर्थ निघतो.

‘अभिलक्षण मूळ’ आणि ‘अभिलक्षण मूल्य’ यांची अडचण निराळी आहे. मूळ आणि मूल्य दिसायला इतके जवळचे की छपाईत एकाचे दुसरे सहज होते. शिवाय मूळ हे समीकरणाचे असते आणि मूल्य मॅट्रिक्सचे. दोन्ही संख्या सारख्या निघतात हेच तर या धड्याचे म्हणणे आहे. ते नावातच मिसळून टाकले तर विद्यार्थ्याला शिकायला काय उरले?

‘स्वमूल्य’ आणि ‘स्वसदिश’ हे अर्थाला सर्वांत जवळचे. ‘आयगेन’चा अर्थच ‘स्व’. मी बराच काळ याच्या बाजूने होतो. पण शब्द एकटा येत नाही, कुटुंब घेऊन येतो. याच घराण्यात पुढे आयगेन-अवकाश येतो, तिथे संधी होऊन ‘स्वावकाश’ होते आणि अर्थ हरवतो. गणितात फंक्शनला आपण फल म्हणतो, म्हणून पुढे ‘स्वफल’ येते आणि ते कानाला विचित्र लागते. शिवाय विद्यार्थी संगणकावर बसला की त्याला `numpy.linalg.eig` हेच लिहावे लागते. पुस्तकातला ‘आयगेन’ आणि पडद्यावरचा `eig` यांची ओळख लगेच पटते.

म्हणून माझी शिफारस अशी. ‘आयगेन’ ठेवावा आणि त्याला मराठी शब्द जोडावा: आयगेनमूल्य, आयगेनसदिश. वर्गात पोरे तसेही ‘आयगन व्हॅल्यू’ म्हणतातच. समीकरणाला मात्र ‘अभिलक्षण समीकरण’ म्हणावे आणि λ मधल्या त्या राशीला ‘अभिलक्षण बहुपदी’. ‘अभिलक्षण’ रोजच्या बोलण्यात नाही, त्यामुळे त्याला दुसरा अर्थ चिकटलेला नाही. ‘मूल्य’ घ्यावे, ‘किंमत’ नको. शाळेत आपण ‘x ची किंमत काढा’ म्हणतो, कारण तिथे किंमत ही त्या वेळी ठेवलेली संख्या असते. आयगेनमूल्य हे मॅट्रिक्सबरोबर कायम राहणारे, तिचे स्वतःचे.

शब्द ठरले तरी काम संपत नाही, लिहिण्याची शिस्त लागते. पहिली गोष्ट लेखनाची. आयगेन, आयगन, आईगेन, ईगेन यांपैकी एकच रूप पुस्तकभर हवे आणि ते पुढच्या शब्दाला जोडून लिहावे. जोडले की विभक्ती एकदाच लागते: आयगेनमूल्याला, आयगेनसदिशांची. लिंगेही ठरतात. A चे आयगेनमूल्य, A चा आयगेनसदिश, A ची अभिलक्षण बहुपदी. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल, तर आयगेन-अवकाश असे मधे जोडरेघ देऊन लिहावे.

दुसरी गोष्ट वाक्याची. ‘४ चा आयगेनसदिश (1, 1) आहे’ असे लिहिले की मुलाला वाटते तो एकच आहे. त्याच रेषेवरचे (2, 2) आणि (−3, −3) हेही चालतात. संगणक तर लांबी 1 ठेवून साधारण (0.7071, 0.7071) दाखवतो आणि मुलगा आपले उत्तर खोडतो. म्हणून ‘४ शी संगत एक आयगेनसदिश (1, 1)’ असे लिहावे. संगत कोन आपण शाळेतच शिकलेलो असतो, त्यामुळे ‘संगत’ कानाला परका नाही. शून्य सदिश आयगेनसदिश धरत नाहीत, पण आयगेनमूल्य शून्य असू शकते, हेही व्याख्येजवळच सांगावे.

तिसरी गोष्ट चिन्हाची. काही पुस्तके A − λI चा निश्चयक घेतात, काही λI − A चा. समीकरणाची मुळे तीच राहतात, पण 3 × 3 मॅट्रिक्समध्ये बहुपदीची सगळी चिन्हे उलटतात. एका धड्यात एक रूप आणि उत्तरसूचीत दुसरे, असे झाले की बरोबर उत्तरही चूक ठरते. पुस्तकाने सुरुवातीलाच एक रूप निवडून सांगावे.

त्या मुलाला मी शेवटी त्याच्याच वहीत हा मजकूर उतरवून दिला: ‘A चे अभिलक्षण समीकरण λ² − 6λ + 8 = 0 आहे. त्याची मुळे 4 आणि 2, म्हणून A ची आयगेनमूल्ये 4 आणि 2. आयगेनमूल्य 4 शी संगत एक आयगेनसदिश (1, 1), आणि 2 शी संगत एक (1, −1).’ त्याने तो दोनदा वाचला. मग मागे जाऊन वहीतल्या तीन वेगळ्या मथळ्यांपैकी दोन खोडले आणि तिन्ही पाने एका धड्यात घेतली.