बेचाळीस घड्यांवरचा चंद्र

एका कागदाची जाडी पट्टीने मोजता येत नाही, पण रिमची येते. झेरॉक्सवाल्याकडे मिळणाऱ्या पाचशे कागदांच्या रिमला पट्टी लावली, की जाडी पाच सेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे एक कागद मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा जाड. आता त्यातला एक कागद घ्यायचा, अर्ध्यात दुमडायचा, मग पुन्हा अर्ध्यात, पुन्हा अर्ध्यात. अशा किती घड्या घातल्या म्हणजे त्याची थप्पी चंद्राला टेकेल?

घरी पाहुणे जमले होते तेव्हा मी हे कोडं टाकलं. काका म्हणाले, ‘‘लाखभर तरी लागतील.’’ मावशी बँकेतून निवृत्त झालेली, आकड्यांत मुरलेली. तिने जरा विचार करून दहा हजारांवर बोट ठेवलं. बारावीतल्या भाचीला वास आला, की मामा विचारतोय म्हणजे काहीतरी गोम आहे, उत्तर लहान असणार. ती म्हणाली, ‘‘पाचशे?’’

उत्तर आहे 42.

कुणाचा विश्वास बसेना, म्हणून कागद आणला. तीन घड्यांनंतर आठ थर, सहा घड्यांनंतर चौसष्ट. सहाव्या घडीला ते बोचकं साडेसहा मिलिमीटर जाड झालं आणि काकांनी दोन्ही अंगठे लावूनही सातवी घडी धड बसली नाही. तेव्हा पुढचा प्रवास कागदावरच, पण आकड्यांनी केला. दहाव्या घडीला दहा सेंटिमीटर. एवढी मेहनत करून उंची काय, तर पाण्याच्या पेल्याएवढी! इथवर चंद्राची कुणाला आठवणही होत नाही. पण पुढच्या दहा घड्यांत उंची हजारपटीहून थोडी जास्त वाढते, म्हणून विसाव्या घडीला ती सुमारे 105 मीटर होते. चोविसाव्या घडीला 1,678 मीटर, म्हणजे 1,646 मीटरचं कळसूबाई शिखर खाली राहिलं. तिसाव्या घडीला 107 किलोमीटर. शंभर किलोमीटरवर अवकाश सुरू होतं असं मानण्याची पद्धत आहे, तीही रेघ ओलांडली.

चंद्र सरासरी 3,84,400 किलोमीटरवर आहे. एकेचाळिसाव्या घडीला थप्पी 2,19,902 किलोमीटरवर असते, अर्ध्या वाटेच्या जरा पुढे. मग एकच घडी, आणि उंची 4,39,804 किलोमीटर. चंद्र मागे पडून वर पंचावन्न हजार किलोमीटर शिल्लक.

अंदाज फसतो तो इथेच. प्रत्येक घडी आधीच्या सगळ्या घड्यांनी मिळून जेवढी उंची गाठली, तेवढीच पुन्हा एकटी घालते. आपण मात्र पहिल्या पाच-सहा घड्या बघून वेग ठरवतो आणि तोच वेग पुढे धरून चालतो, जिन्याच्या पायऱ्या मोजाव्यात तसा. वागेनार आणि सगारिया या मानसशास्त्रज्ञांनी 1975 साली याच खोडीवर निबंध लिहिला. झपाट्याने वाढत जाणारे आकडे दाखवून पुढचा आकडा विचारला, की माणसं खऱ्या उत्तराच्या फार खाली अडखळतात, असं त्यांना आढळलं. दुपटीची धास्ती आपल्याकडच्या जुन्या व्यवहाराला मात्र होती. दामदुपटीचा नियम असा, की एका वेळी वसूल करायचं व्याज मुदलाहून जास्त होता कामा नये. सावकाराला पहिल्याच घडीवर थांबवण्याची ती तजवीज.

आता 42 हा आकडा एकेक घडी न मोजता कसा काढायचा? भाचीच्या दप्तरात लॉग टेबल होतंच. अकरावी-बारावीला फिजिक्स-केमिस्ट्रीच्या गणितांत मोठे गुणाकार-भागाकार करायला ते वापरतात, आणि लॉग म्हणजे नेमकं काय हे बहुतेकांच्या ध्यानात यायच्या आत परीक्षा संपते. खरं तर गोष्ट साधी आहे. एखादी संख्या मिळवायला दहाचा घात किती करावा लागेल, तो घातांक म्हणजे तिचा लॉग. शंभरचा 2, हजारचा 3. मग दोनचा? शून्य आणि एकच्या मध्ये कुठेतरी, तर टेबलात 0.3010 सापडतो. संख्यांचा गुणाकार केला की लॉगची नुसती बेरीज होते. म्हणून प्रत्येक घडीला थरांची संख्या दुप्पट होते तेव्हा तिच्या लॉगमध्ये दर वेळी 0.3010 एवढीच भर पडते. म्हणजे लॉगच्या जगात ही वाढ खरोखरच जिन्यासारखी आहे, सगळ्या पायऱ्या सारख्या.

आधी थर मोजू. मिलिमीटरला दहा थर, म्हणजे किलोमीटरला बरोबर एक कोटी. चंद्रापर्यंत 3,84,400 कोटी थर हवेत. 3,84,400 चा लॉग 5.5848, एका कोटीचा 7. बेरीज 12.5848. एक पायरी 0.3010 ची, तेव्हा भागाकार करायचा:

12.5848 ÷ 0.3010 = 41.8

पाऊण-एक घडी घालता येत नाही, म्हणून 42. भाचीने लगेच सूर्य घेतला. पंधरा कोटी किलोमीटर, लॉग 8.1761, अधिक 7, भागिले 0.3010: 50.4, म्हणजे 51 घड्या. सूर्य चंद्राच्या सुमारे 390 पट लांब, आणि जादा घड्या नऊ! मावशीने हिशेबातली फट शोधली. ‘‘तुझा कागद जाडजूड असला तर?’’ दुप्पट जाडीचा घेतला तर एक घडी वाचते, निम्म्या जाडीचा घेतला तर एक वाढते. मोजमापात अशी दुपटीची चूक झाली तरी उत्तर एकानेच हलतं.

सातव्या घडीला काकांचे अंगठे का हरले, त्याचं उत्तर ब्रिटनी गॅलिव्हन या कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलीने 2002 मध्ये दिलं. घडी घालताना बाहेरच्या थराला आतल्या सगळ्या जाडीला वळसा घालावा लागतो आणि त्या वळणात कागद खर्ची पडतो. पुढच्या घडीला वळण दुप्पट मोठं होतं, शिवाय वळसा घालणारे थरही दुप्पट. म्हणून एकाच दिशेने घड्या घालत गेलं, तर दर जादा घडीला जवळजवळ चौपट लांब कागद लागतो. तिने त्याचं सूत्र मांडलं:

L = (πt/6)(2ⁿ + 4)(2ⁿ − 1)

t ही कागदाची जाडी, n घड्यांची संख्या आणि L लागणारी किमान लांबी. सूत्रावर न थांबता तिने सुमारे 1,200 मीटर लांबीचा टॉयलेट पेपर पसरून त्याला बारा घड्या घालून दाखवल्या.

आपल्या कागदाची जाडी धरून या सूत्रात बारा घातले, तर जेमतेम 880 मीटर लागतात. बेचाळीस घातले तर उत्तर एक लाख प्रकाशवर्षांच्या थोडं पुढे जातं. आपल्या आकाशगंगेची रुंदी साधारण तेवढीच सांगतात. म्हणजे चंद्राला टेकायचं तर कागदाची पट्टी आकाशगंगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरून मग पहिली घडी घालायची. काका तोवर सातवी घडी बसवायला पक्कड शोधत होते.